घटक ४ : व्यावसायिक ध्वनिसंदेश – नाव, कारण, क्रमांक आणि वेळ

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस –

• प्रत्यक्ष दूरध्वनी-संभाषण आणि नोंदवून ठेवलेला ध्वनिसंदेश यांतील फरक सांगता येईल.
• ऐकणाऱ्याला पुन्हा विचारण्याची गरज पडणार नाही, अशा रीतीने आपले नाव, गाव व कारण सांगता येईल.
• मराठी संख्यावाचनामुळे दूरध्वनी क्रमांक ऐकताना होणाऱ्या चुकांची कारणे स्पष्ट करता येतील आणि त्या टाळता येतील.
• उलट फोन करण्याची वेळ निःसंदिग्ध शब्दांत देता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण दूरध्वनीवरील संभाषणाचा अभ्यास केला. समोरच्या व्यक्तीने फोन उचलला आणि दोघांचे बोलणे झाले, असे तेथे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात अनेकदा फोन उचलला जात नाही. कार्यालय बंद झालेले असते किंवा संबंधित व्यक्ती जागेवर नसते. मग एक ध्वनिमुद्रित आवाज आपल्याला सूचना देतो की, 'बीप' ऐकू आल्यानंतर आपला संदेश नोंदवा. अशा वेळी आपण जे बोलतो, त्यास ध्वनिसंदेश किंवा व्यवहारात 'व्हॉइसमेल' म्हणतात.

दूरध्वनीवरील बोलणे नोंदवून ठेवण्याची कल्पना जुनी आहे. डेन्मार्कमधील अभियंता वाल्डेमार पोल्सेन याने १८९८ मध्ये असे यंत्र तयार केले होते. आपल्याकडे घरोघरी अशी यंत्रे कधी रुळली नाहीत. फोन उचलला नाही तर 'मिस्ड कॉल' पाहून समोरचा फोन करील, अशीच आपली सवय राहिली. मात्र कंपन्यांची कार्यालये आणि परदेशातील संस्था यांच्याशी संपर्क साधताना ध्वनिसंदेश ठेवण्याची वेळ येते. शिवाय व्हॉट्सॲपवर २०१३ पासून आवाजी संदेशाची सोय झाल्याने अनेक व्यवहार आता बोलून पाठवलेल्या संदेशांवर चालतात. साधन बदलले तरी भाषेची अडचण दोन्हीकडे तीच आहे. या घटकात आपण ती अडचण एका उदाहरणाच्या आधारे समजून घेणार आहोत.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ एकपक्षी बोलणे

दोन माणसे फोनवर बोलतात तेव्हा ऐकणारा केवळ ऐकत नसतो. तो मध्येच 'हं' म्हणतो, 'कोण बोलतंय?' असे विचारतो, 'नंबर परत सांगा' असे सुचवतो. बोलणाऱ्याच्या हातून राहिलेल्या गोष्टी तो विचारून भरून काढतो. त्यामुळे अर्धवट, तुटक आणि मोघम बोलूनही संभाषण यशस्वी होते.

ध्वनिसंदेशात हा ऐकणारा त्या क्षणी हजर नसतो. तो काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी ऐकतो आणि त्या वेळी त्याला काही विचारता येत नाही. म्हणजे ध्वनिसंदेश बोलला जात असला, तरी स्वभावाने तो पत्राला जवळचा आहे. पत्र मात्र समोर धरून हवे तितके वेळा वाचता येते. ध्वनिसंदेश कानावरून निघून जातो आणि पुन्हा ऐकायचा तर अनेकदा सुरुवातीपासून ऐकावा लागतो. म्हणून त्याला पत्राइतकी पूर्णता आणि श्रुतलेखनाइतकी संथ गती, अशा दोन्ही गोष्टी लागतात.

४.३.२ एक उदाहरण

पुढील प्रसंग अभ्यासासाठी रचलेला आहे. त्यातील व्यक्ती काल्पनिक आहे. भारतातील मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ या अंकांनी सुरू होतात. येथील क्रमांक कोणाचाही नसावा म्हणून त्याची सुरुवात मुद्दाम ५ ने केली आहे.

अनिता काळे ही अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत येथे राहणारी, मुक्त शिक्षणातून बी. ए. करणारी विद्यार्थिनी. पुण्यातील एका कंपनीत तिने कार्यालय साहाय्यक पदासाठी अर्ज केला. बुधवार, ११ जून रोजी सकाळी अकरा वाजता अहिल्यानगर केंद्रावर मुलाखत आहे, असे पत्र तिला आले. त्याच वेळी तिची परीक्षा होती. मुलाखती अहिल्यानगर आणि पनवेल अशा दोन केंद्रांवर मंगळवार ते गुरुवार चालणार होत्या. दिवस बदलून मिळणे शक्य होते. सोमवार, ९ जून रोजी सायंकाळी सव्वासहा वाजता, कामावरून परतताना एस. टी. स्थानकातून तिने फोन केला. कार्यालय बंद झाले होते. तिने पुढील संदेश ठेवला.

संदेश पहिला

"हॅलो... हॅलो, मॅडम, मी अनिता बोलतेय, कर्जतवरून. ते मुलाखतीचं पत्र आलंय ना आपलं, परवाचं, तर त्या दिवशी माझा पेपर आहे. म्हणजे मला यायचंच आहे, पण दुसऱ्या दिवशी झालं असतं तर बरं झालं असतं. तर तुम्ही उद्या दुपारनंतर जरा फोन करा ना. माझा नंबर सत्तावन्न त्रेसष्ट शून्य चार ब्याऐंशी पंच्याहत्तर. ठेवते हं."

या संदेशात उद्धटपणा नाही. बोलीही स्वाभाविक आहे. समोर कोणी असते तर एवढ्या बोलण्यावर काम झाले असते. आता तो ऐकणाऱ्या कर्मचाऱ्याच्या बाजूने पाहा.

कर्मचाऱ्याने हा संदेश मंगळवारी सकाळी ऐकला. 'परवा' म्हणजे त्याच्या दृष्टीने गुरुवार. 'कर्जत' म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर रायगड जिल्ह्यातील कर्जत आले. म्हणून त्याने पनवेल केंद्राची गुरुवारची यादी उघडली. तीत अनिता नावाची उमेदवार नव्हती. फोन करून विचारावे, तर स्थानकातील गोंगाटात उच्चारलेला शेवटचा 'पंच्याहत्तर' त्याने 'पंच्याऐंशी' असा लिहून घेतला होता. तो क्रमांक लागला नाही. 'उद्या दुपारनंतर' हे शब्द ऐकून त्याने बुधवारी दुपारी पुन्हा प्रयत्न करण्याचे ठरवले. अनिता मंगळवारी दुपारभर फोन हातात घेऊन बसली होती. बुधवारी अकरा वाजता ती परीक्षा कक्षात होती आणि अहिल्यानगरच्या यादीत तिच्या नावापुढे 'अनुपस्थित' अशी नोंद झाली.

दोघांनीही आपापल्या परीने काम केले होते. संधी गेली ती चार ठिकाणच्या अस्पष्टतेमुळे : नाव-गाव, कारण, क्रमांक आणि वेळ. आता या चार अंगांचा क्रमाने विचार करू.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १

१. संभाषणात ऐकणारा कोणते काम करतो, जे ध्वनिसंदेशात बोलणाऱ्यालाच करावे लागते?
२. पहिल्या संदेशातील कोणता शब्द मंगळवारी ऐकल्यामुळे वेगळ्या दिवसाचा निर्देश करू लागला?

४.३.३ नाव आणि गाव

'मी बोलतोय' किंवा 'ओळखलंत का?' अशी सुरुवात करण्याची आपल्याकडे सवय आहे. आवाजावरून ओळख पटावी, यात आपुलकी असते. व्यावसायिक संदेश ऐकणारी व्यक्ती मात्र आपल्याला ओळखत नाही. तिला नोंदवहीत किंवा यादीत आपले नाव शोधायचे असते. म्हणून नाव व आडनाव दोन्ही सांगावीत आणि त्यांच्यामध्ये किंचित थांबावे. घाईत 'अनिताकाळे' असे एक झालेले नाव ऐकणाऱ्याला लिहिता येत नाही. आडनाव कमी परिचयाचे असेल, किंवा त्यात 'द' आणि 'ध', 'ड' आणि 'ढ' यांची गल्लत होण्यासारखी असेल, तर 'ढगातला ढ' असे एखादे ओळखीचे उदाहरण जोडावे.

नावानंतर गाव येते. महाराष्ट्रात एका नावाची अनेक गावे आहेत आणि आपले कर्जत हे त्याचे ठळक उदाहरण होय. रायगड जिल्ह्यातील कर्जत मुंबईच्या लोकल गाड्यांचे स्थानक असल्याने मुंबई-पुण्याकडील माणसाला 'कर्जत' म्हटल्यावर आधी तेच आठवते. आपल्याला मात्र कर्जत म्हणजे राशीन, मिरजगाव, सिद्धटेक यांचा तालुका, रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्याचा तालुका. आपल्या मनातील चित्र ऐकणाऱ्याच्या मनात असेलच असे नाही. म्हणून 'अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत' असे पूर्ण सांगावे. जिल्ह्याचे नाव बदलल्याला फार काळ लोटलेला नाही. राज्याबाहेरील व्यक्तीला संदेश ठेवताना 'पूर्वीचे अहमदनगर' एवढे जोडणेही उपयुक्त ठरते.

४.३.४ कारण

कारण एका, फार तर दोन वाक्यांत सांगावे. ऐकणाऱ्याला दोन गोष्टी कळायला हव्यात : प्रकरण कोणते आणि आपल्याकडून काय अपेक्षित आहे. अनिताच्या संदेशात 'ते मुलाखतीचं पत्र' असा उल्लेख आहे. कोणत्या पदाचे, कोणत्या केंद्रावरचे, हे त्यातून कळत नाही. 'दुसऱ्या दिवशी झालं असतं तर बरं झालं असतं' या वाक्यात तर विनंती संकेतार्थाच्या आड लपली आहे. 'झालं असतं' हे रूप घडून न आलेल्या गोष्टीविषयी बोलते. ऐकणाऱ्याला ते खंत वाटू शकते, मागणी वाटत नाही.

येथे व्याकरणातील क्रियापदाच्या अर्थांचा आपला अभ्यास उपयोगी पडतो. 'मुलाखत गुरुवारी घ्या' हा आज्ञार्थ आहे. अपरिचित कार्यालयाशी बोलताना तो हुकमासारखा वाटतो. 'मुलाखत गुरुवारी घ्यावी, अशी विनंती आहे' हा विध्यर्थ होय. त्यात मागणी स्पष्ट आहे आणि आदरही आहे. व्यावसायिक ध्वनिसंदेशात विध्यर्थाचा वापर करावा. सौजन्यासाठी मोघमपणाची गरज नसते, क्रियापदाचे रूप ते काम करते.

पत्रावर लहानसा संदर्भ क्रमांक असेल तर तो सांगावा. तो लांबलचक असेल तर सोडून द्यावा. पद, तारीख आणि केंद्र यांवरून नोंद सापडते. जास्त अंक सांगितले तर त्यांत दूरध्वनी क्रमांक हरवतो.

४.३.५ क्रमांक : सर्वांत नाजूक भाग

वाक्यातील एखादा शब्द नीट ऐकू आला नाही, तरी संदर्भावरून तो ओळखता येतो. 'मुला... पत्र' एवढेच ऐकू आले तरी 'मुलाखतीचे पत्र' हे लक्षात येते. अंकांना असा संदर्भ नसतो. सातनंतर पाच यावा की आठ, हे कोणत्याही व्याकरणाने ठरत नाही. दहा अंकांतील एक चुकला की संपूर्ण क्रमांक निरुपयोगी होतो. म्हणून क्रमांक सांगण्याच्या पद्धतीचा आपण थोडा खोलात विचार करू.

मराठी माणूस क्रमांक बहुधा जोडीने सांगतो : सत्तावन्न, त्रेसष्ट, ब्याऐंशी. ही पद्धत बोलणाऱ्याला सोयीची आहे, लिहून घेणाऱ्याला मात्र तीन कारणांनी अवघड जाते.

पहिले कारण क्रमाचे आहे. मराठीत एकक आधी उच्चारला जातो आणि दशक नंतर. 'त्रेसष्ट' या शब्दात तीन आधी ऐकू येतात, साठ मागून येतात, पण कागदावर ६ आधी लिहायचा असतो. म्हणजे लिहिणाऱ्याला शब्द पूर्ण होईपर्यंत थांबून मनात उलटापालट करावी लागते. तोवर बोलणारा पुढच्या जोडीवर गेलेला असतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' बरोबर 'वीस एक' अशा वाचनाचा समावेश झाला आणि त्यावर महाराष्ट्रात मोठी चर्चा झाली, हे आपणांस आठवत असेल. त्या वादात आपले मत कोणतेही असो, त्याच्या मुळाशी असलेली अडचण हीच होती : उच्चाराचा क्रम आणि लेखनाचा क्रम परस्परविरुद्ध आहेत.

दुसरे कारण 'एकोण' या उपसर्गाचे. 'एकोणसत्तर' ऐकताना कानाला 'सत्तर' जाणवतो आणि हात ७ लिहू लागतो. लिहायचे मात्र ६९ असतात.

तिसरे कारण नादसाम्याचे. 'पंच्याहत्तर' आणि 'पंच्याऐंशी', 'ब्याऐंशी' आणि 'ब्याण्णव', 'त्रेपन्न' आणि 'त्रेसष्ट' या जोड्यांची सुरुवात सारखीच आहे. फरक शब्दाच्या उत्तरार्धात आहे आणि घाईत बोलताना नेमका तोच भाग पुसट होतो. अनिताच्या बाबतीत हेच घडले.

यावर सोपा उपाय म्हणजे अंक सुटे सांगणे : पाच, सात, सहा, तीन, शून्य. सुट्या अंकात उलटापालट करावी लागत नाही आणि ऐकताक्षणी तो लिहिता येतो.

सुटे अंकही अगदी निर्धोक नसतात. जुन्या पद्धतीच्या दूरध्वनी यंत्रणेतून सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच कंपनसंख्येचा आवाज पलीकडे जातो. नव्या मोबाइल सेवांतून यापेक्षा विस्तृत आवाज जातो, परंतु पलीकडे साधा दूरध्वनी असेल तर ही मर्यादा राहतेच. 'स' या घर्षक व्यंजनाचा बराचसा नाद या मर्यादेच्या वर असतो, त्यामुळे तो फोनवर क्षीण होतो. 'सात' मधील 'स' पुसट झाला की उरतो 'आत', आणि तो 'आठ'च्या अगदी जवळ जातो. 'दोन' आणि 'तीन' यांचा शेवट सारखा असल्याने त्यांचीही गल्लत होते. इंग्रजी अंक वापरले तरी सुटका नाही. 'फाइव्ह' आणि 'नाइन' यांतील स्वर एकच आहे. ही गल्लत टाळण्यासाठी विमानवाहतुकीच्या रेडिओ-संभाषणात नऊला 'नाइनर' म्हणण्याचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. आपल्याला तसा संकेत नको. प्रत्येक अंकाचे पहिले व्यंजन ठसठशीत उच्चारावे आणि पूर्ण क्रमांक दोनदा सांगावा, एवढे पुरते.

क्रमांक सांगताना पुढील बाबी पाळाव्यात.

(अ) आधी सूचना द्यावी. 'माझा क्रमांक लिहून घ्यावा' असे म्हणून क्षणभर थांबावे. ऐकणाऱ्याला लेखणी उचलायला तेवढा वेळ लागतो.

(आ) दहा अंकांचे पाच-पाचचे दोन गट करावेत आणि गटांमध्ये एक श्वास घेण्याइतके थांबावे.

(इ) गती ठरवण्यासाठी बोलता बोलता तो क्रमांक स्वतः कागदावर लिहावा. कागद नसेल तर बोटाने तळहातावर गिरवावा. आपला अंक लिहून होईपर्यंत पुढचा उच्चारू नये. याच गतीने पलीकडचा माणूस लिहीत असतो.

(ई) 'डबल सात आठ' असे म्हणू नये. ऐकणारा ते ७७८ असेही लिहील आणि ७८७८ असेही. 'सात, सात, आठ' असेच म्हणावे.

(उ) दुसऱ्यांदा सांगताना गट आणि पद्धत बदलू नये. पहिल्यांदा सुटे अंक आणि नंतर जोड्या असे केले, तर ऐकणाऱ्याला आधी लिहिलेले ताडून पाहता येत नाही.

क्रमांक एकदा मध्यभागी आणि एकदा शेवटी यावा. अनेक यंत्रणा ठरावीक वेळेनंतर नोंद थांबवतात. क्रमांक फक्त शेवटी ठेवला आणि नोंद मध्येच तुटली, तर उरलेला संदेश वाया जातो.

'माझा क्रमांक तर पलीकडे दिसतोच' असा आक्षेप येथे घेतला जातो. तो नेहमी खरा नसतो. आपण दुसऱ्याच्या फोनवरून बोलत असू, तर दिसणारा क्रमांक आपला नसतो. कार्यालयातून फोन केला, तर त्या कार्यालयाचा सामाईक क्रमांक दिसू शकतो. व्हॉट्सॲपवरचा आवाजी संदेश कार्यालयात एकाने दुसऱ्याला पुढे पाठवला, की दुसऱ्याला मूळ पाठवणाऱ्याचा क्रमांक दिसत नाही. संदेशात उच्चारलेला क्रमांक मात्र संदेशाबरोबरच जातो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २

१. 'एकोणसाठ' हा शब्द ऐकून लिहिताना कोणती चूक होण्याचा संभव आहे?
२. क्रमांक दुसऱ्यांदा सांगताना पहिल्याच पद्धतीने का सांगावा?

४.३.६ वेळ

आज, उद्या, काल, आत्ता, थोड्या वेळाने हे शब्द बोलण्याच्या क्षणाशी बांधलेले असतात. बोलण्याचा आणि ऐकण्याचा क्षण एकच असेल, तेव्हा ते बिनचूक काम करतात. ध्वनिसंदेशात हे दोन क्षण वेगळे असल्याने त्यांचा अर्थ सरकतो. मराठीतील 'परवा' हा शब्द तर दोन्ही दिशांना जातो : कालच्या आदल्या दिवसालाही परवा म्हणतात आणि उद्याच्या पुढच्या दिवसालाही. काही यंत्रणा संदेश नोंदवल्याची वेळ दाखवतात किंवा ऐकवतात, परंतु ऐकणारा दरवेळी ती पाहून हिशेब करील, असे धरून चालू नये. म्हणून वार आणि तारीख दोन्ही सांगावे. वार चुकीचा ऐकू आला तर तारखेवरून दुरुस्त होतो, तारीख पुसट झाली तर वार आधार देतो.

'दुपारनंतर', 'मोकळे झाल्यावर', 'चार-पाचच्या सुमारास' हे शब्दप्रयोगही टाळावेत. 'दुपारी दोन ते पाच' असा सुरुवात आणि शेवट असलेला अवधी द्यावा. 'मंगळवारी कधीही' असे औदार्य दाखवू नये. जो अवधी देऊ, त्या अवधीत आपण फोन उचलू शकू, याची आधी खात्री करावी. शेतावर, बसमध्ये किंवा परीक्षा कक्षात असण्याची वेळ त्यात येता कामा नये. त्या अवधीत जमले नाही तर काय करावे, हेही एका वाक्यात सांगावे. ऐकणारा मराठी भाषक नसेल, तर 'सव्वा', 'पावणे', 'अडीच' यांऐवजी पूर्ण तास सांगणे सोयीचे असते.

४.३.७ सुधारलेला संदेश

आता अनिताचा संदेश या चारही अंगांनी पुन्हा रचू. बोलण्यापूर्वी ती स्थानकातील गर्दीतून बाजूला आली आहे आणि चार शब्द तिने चिठ्ठीवर टिपले आहेत : नाव, कारण, क्रमांक, वेळ.

संदेश दुसरा

"नमस्कार. मी अनिता काळे, अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत येथून बोलत आहे. कार्यालय साहाय्यक पदासाठी माझी मुलाखत बुधवार, अकरा जून रोजी सकाळी अकरा वाजता अहिल्यानगर केंद्रावर आहे. त्याच वेळी माझी बी. ए.ची परीक्षा असल्याने मुलाखत गुरुवार, बारा जून रोजी घ्यावी, अशी विनंती आहे. माझा क्रमांक लिहून घ्यावा : पाच, सात, सहा, तीन, शून्य – चार, आठ, दोन, सात, पाच. आपण मला मंगळवार, दहा जून रोजी दुपारी दोन ते पाच या वेळेत फोन करावा. ते शक्य नसल्यास याच क्रमांकावर लेखी संदेश पाठवावा. क्रमांक पुन्हा सांगते : पाच, सात, सहा, तीन, शून्य – चार, आठ, दोन, सात, पाच. अनिता काळे, कर्जत, जिल्हा अहिल्यानगर. धन्यवाद."

हा संदेश सांगितलेल्या गतीने वाचल्यास साधारण एक मिनिट लागते. त्यातला बराचसा वेळ क्रमांकात जातो आणि तो जाणे योग्यच आहे. शब्दांत काटकसर करावी, अंकांत करू नये. संदेश मंगळवारी सकाळी ऐकला काय किंवा मंगळवारी दुपारी, त्यातील कोणत्याही शब्दाचा अर्थ बदलत नाही. कर्मचाऱ्याला कोणती यादी उघडायची, काय बदलायचे, कोणाला आणि कधी कळवायचे, हे सर्व एकदा ऐकून कळते.

या संदेशाची भाषा प्रमाण आहे, पण अनिताने तो आपल्या नगरी वळणाने बोलला असता तरी चालले असते. 'बोलतेय', 'आलंय' या रूपांनी तिचे काही बिघडवले नव्हते. बिघडवले ते 'ते', 'परवा' आणि 'दुपारनंतर' या शब्दांनी.

४.३.८ मर्यादा

ध्वनिसंदेश ऐकला जाईलच, याची हमी नसते. काम तातडीचे असेल, तर संदेश ठेवूनही दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडताच प्रत्यक्ष फोन करावा आणि तीच माहिती ई-मेलने लेखी कळवावी. अनिताने मंगळवारी सकाळी असे केले असते, तर सदोष संदेशाची भरपाई झाली असती. दुसरे असे की, नोंदवलेला संदेश कार्यालयातील कोणीही ऐकू शकतो. म्हणून आधार क्रमांक, बँक खात्याचा तपशील, ओटीपी अशी माहिती त्यात कधीही सांगू नये.

४.४ सारांश

ध्वनिसंदेश हे एकपक्षी बोलणे आहे. ऐकणाऱ्याला प्रश्न विचारता येत नसल्याने त्याच्या संभाव्य प्रश्नांची उत्तरे आधीच द्यावी लागतात. नाव, आडनाव आणि जिल्ह्यासह गाव सांगावे. कारण एक-दोन वाक्यांत, विध्यर्थी क्रियापद वापरून मांडावे. क्रमांक सुट्या अंकांत, पाच-पाचच्या गटांत, लिहिण्याच्या गतीने, दोनदा सांगावा. वेळ वार, तारीख आणि अवधी यांसह द्यावी.

४.५ स्वाध्याय

१. आपल्या मोबाइलवर स्वतःच्या आवाजात एक व्यावसायिक ध्वनिसंदेश नोंदवा. घरातील व्यक्तीला तो एकदाच ऐकवा आणि नाव, गाव, कारण, क्रमांक व वेळ लिहून घेण्यास सांगा. ध्वनिसंदेश मध्ये थांबवू नका. लिहिलेले तपासा. जेथे चूक झाली असेल, तेथे संदेशातील कोणता शब्द किंवा कोणती घाई कारणीभूत होती, ते चार-पाच ओळींत लिहा.

२. पुढील संदेश सुधारून लिहा : "साहेब, मी पाटील बोलतोय. काल बोललो होतो त्या बिलाचं बघा जरा. आज संध्याकाळपर्यंत सांगा." (आवश्यक तो तपशील आपण कल्पनेने भरावा.)

३. एकोणतीस ते नव्व्याण्णव या संख्यांतून, ऐकताना एकमेकींशी गल्लत होईल अशा पाच जोड्या शोधा आणि गल्लतीचे कारण लिहा.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १
१. मध्येच प्रश्न विचारून राहिलेली माहिती भरून काढण्याचे काम.
२. 'परवा' (बुधवारऐवजी गुरुवार). 'उद्या' या शब्दाचेही तसेच झाले (मंगळवारऐवजी बुधवार).

प्रश्न – २
१. कानाला 'साठ' जाणवल्याने ५९ ऐवजी ६९ किंवा ६० लिहिले जाण्याचा संभव आहे.
२. आधी लिहून घेतलेला क्रमांक ऐकणाऱ्याला अंकामागून अंक ताडून पाहता यावा म्हणून.